अकरावीचे पेशीविभाजन आणि पाठांतर: एका पालकांना लिहिलेले पत्र

खडूफळा

नमस्कार. मी साताऱ्यात अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राच्या खासगी शिकवण्या घेते. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीच्या वडिलांनी चाचणीचा पेपर पाहून मला सविस्तर निरोप पाठवला. मुलीला सगळी उत्तरे तोंडपाठ असताना गुण का गेले, वर्गात दोरे आणि बटणे घेऊन वेळ का घालवला जातो आणि तयार प्रश्नोत्तरे का दिली जात नाहीत, असे त्यांचे तीन प्रश्न होते. त्यांना लिहिलेल्या उत्तराचा मसुदा ओळख पटेल असा मजकूर वगळून खाली देत आहे. विषयाच्या दृष्टीने काही चुकत असेल किंवा पालकांना काही समजणार नाही असे वाटत असेल, तर अवश्य सांगावे.

---

सप्रेम नमस्कार.

आपला निरोप मिळाला. आपण वेळ काढून पेपर बारकाईने वाचलात, त्यामुळे मीही त्याच पेपरातील एका प्रश्नापुरते लिहिते.

पेशीविभाजनाच्या अवस्थांवरचे दीर्घ उत्तर आपल्या मुलीने जवळजवळ निर्दोष लिहिले आहे आणि त्याचे पूर्ण गुण तिला दिले आहेत. तिचे गुण गेले ते त्याखालच्या छोट्या प्रश्नात. कांद्याच्या मुळाच्या टोकातील पेशीत विभाजनाची तयारी सुरू होण्याआधी १६ गुणसूत्रे असतात. डीएनएची प्रत तयार झाल्यावर त्या पेशीत किती गुणसूत्रे असतील, पश्चावस्थेत संपूर्ण पेशीत किती असतील आणि शेवटी प्रत्येक नव्या पेशीत किती असतील, असे विचारले होते. तिने ३२, १६, १६ असे लिहिले. योग्य उत्तर १६, ३२, १६ असे आहे.

ही चूक निष्काळजीपणाची नाही. ‘विभाजनापूर्वी डीएनए दुप्पट होतो’ हे वाक्य तिला पाठ आहे आणि ते बरोबरही आहे. मात्र पाठ केलेल्या वाक्यातून कर्ता गळून पडतो आणि ‘दुप्पट होते’ एवढेच लक्षात राहते. पेशीत दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजायच्या असतात, एक डीएनएचे प्रमाण आणि दुसरी गुणसूत्रांची संख्या. या दोन्ही गोष्टी दुप्पट होतात, पण वेगवेगळ्या वेळी होतात, आणि या प्रकरणातील बहुतेक प्रश्न याच फरकावर उभे असतात.

दोरे आणि बटणे त्यासाठीच आणली होती. एक दोरा म्हणजे डीएनएचा एक रेणू आणि त्यावर शिवलेले टिचबटणाचे एक अंग म्हणजे गुणसूत्रबिंदू असे धरावे. प्रत तयार झाली की दोऱ्याशेजारी तसाच दुसरा दोरा येतो आणि दोघांची बटणे एकमेकांत दाबून बसतात. आता दोरे दोन झाले, पण उचलायला गेले तर हाताला एकच जोडलेली वस्तू लागते, म्हणून गुणसूत्र एकच मोजायचे. कांद्याच्या पेशीत या वेळी दोरे ३२ असतात आणि गुणसूत्रे १६च असतात. पश्चावस्था सुरू होते तेव्हा बटण टचकन उघडते आणि प्रत्येक दोरा आपापले अंग घेऊन वेगळा होतो. त्या क्षणी गुणसूत्रे ३२ होतात, मात्र डीएनए एका कणानेही वाढलेला नसतो. पुढे पेशी दुभंगते आणि प्रत्येकीच्या वाट्याला १६ गुणसूत्रे येतात.

आपण निरोपात लिहिले आहे की ‘पश्चावस्थेत गुणसूत्रे केळीच्या घडासारखी दिसतात’ हे वाक्य तिला दहावीपासून पाठ आहे. ते तिने या उत्तरातही लिहिले आहे. मी तिला विचारले की ती तशी का दिसतात. तर्कुतंतू गुणसूत्राला गुणसूत्रबिंदूपाशी धरून ओढतात, त्यामुळे तो बिंदू पुढे जातो आणि दोन्ही भुजा मागे फरफटत येतात, म्हणून बाक येतो. हे चित्र डोळ्यांसमोर असेल, तर बिंदू टोकापाशी असलेले गुणसूत्र ओढले जाताना जवळजवळ सरळ काठीसारखे दिसेल, हे कोणी न शिकवताही सांगता येते. तिला ते सांगता आले नाही, कारण तिच्या मनात घड होता, ओढ नव्हती.

यावर तयार प्रश्नोत्तरे का देत नाही, ते सांगते. कांद्याचे तीन आकडे मी लिहून दिले, तर ती ते एका संध्याकाळी पाठ करील. पण नीटच्या प्रश्नपत्रिकेत आकडा बदलतो, अवस्था बदलते आणि कधी सूत्री विभाजनाऐवजी अर्धगुणसूत्री विभाजन येते. अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पहिल्या भागात बटणे उघडतच नाहीत. सजातीय गुणसूत्रांच्या जोड्या फुटतात आणि जोडीतील प्रत्येक गुणसूत्र आपल्या दोन्ही दोऱ्यांसह एकेका ध्रुवाकडे जाते. बटणे उघडतात ती दुसऱ्या भागात. ज्या विद्यार्थ्याला बटण कधी उघडते हे कळले आहे, त्याला या सगळ्यासाठी वेगळे आकडे लक्षात ठेवावे लागत नाहीत. ज्याला ते कळलेले नाही, त्याला सूत्री विभाजन, अर्धगुणसूत्रीचे दोन भाग, त्यांच्या अवस्था आणि प्रत्येक अवस्थेचे दोन आकडे असा तक्ता घोकावा लागतो आणि त्यातील एक ओळ सरकली की पुढचे सगळे सरकते.

मी पाठांतराच्या विरोधात नाही. अवस्थांची नावे, त्यांचा क्रम आणि कोणत्या अवस्थेत केंद्रकावरण नाहीसे होते, हे पाठच करावे लागते, कारण तर्काने नावे शोधून काढता येत नाहीत. बोर्डाच्या वर्णनात्मक उत्तरांना नेमकी भाषा लागते, हा आपला मुद्दाही मला मान्य आहे आणि त्यासाठी उत्तरे लिहून घेण्याचा तास मी वेगळा ठेवते.

आपल्याला घरी पडताळून पाहायचे असेल, तर तिला कांद्याऐवजी भेकर द्या. आपल्या सह्याद्रीच्या जंगलात असलेल्या या लहान हरणाच्या मादीत फक्त ६ गुणसूत्रे असतात. एवढ्या थोड्या संख्येमुळे सगळी चित्रात काढता येतात. तिला कोऱ्या कागदावर चार पेशी काढायला सांगा: प्रत होण्याआधी, प्रत झाल्यावर, पश्चावस्थेत आणि विभाजनानंतर. मग प्रत्येक चित्रात बटणे किती आणि दोरे किती, असे दोनच प्रश्न विचारा. आपल्याला जीवशास्त्र येत नसले तरी चालेल. ६ आणि ६, ६ आणि १२, १२ आणि १२, शेवटी प्रत्येकीत ६ आणि ६ असे उत्तर आले पाहिजे. तिला वेळ लागला तर काळजी करू नका. पण तिने चित्र न काढता आठवायला सुरुवात केली, तर काम बाकी आहे असे समजा. नराची संख्या ७ असते. तो प्रश्न मी पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवला आहे.

कळावे, लोभ असावा.

---

तात्या_निवृत्त

बाई, पत्र चांगले झाले आहे. मी ३० वर्षांहून अधिक काळ माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आहे, म्हणून दोन गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट अशी की पाठांतराबद्दलचा परिच्छेद वर आणावा. पालक पत्र वरून वाचत येतात आणि आपल्या मुलीची मेहनत वाया गेली असे वाटले की पुढचे वाचत नाहीत. माझ्या अनुभवात समज बहुधा पाठांतराच्या मागून येते. ज्या मुलाला पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था हा क्रम झोपेतही म्हणता येतो, त्याच्यापुढे दोरे ठेवले तर ती नावे चिकटवायला जागा मिळते. ज्याला नावेच येत नाहीत, तो दोऱ्यांशी खेळून घरी जातो.

दुसरी गोष्ट तिच्या ३२ या उत्तराबद्दल आहे. ते सर्वस्वी चूक म्हणता येईल का? डीएनए दुप्पट झाला म्हणजे पेशी 2n ची 4n झाली. त्या अर्थाने ३२ म्हणणाऱ्याला अर्धा गुण द्यायला हरकत नसावी.

लॅबकोट

तात्या, क्रमाबद्दल आपल्याशी सहमत आहे, 4n बद्दल नाही. मी गुणसूत्र तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे मोजणे हाच माझा दिवसभराचा उद्योग आहे. डीएनएचे प्रमाण C ने दाखवतात आणि गुणसूत्रांचे संच n ने. प्रत झाल्यावर पेशी 2C ची 4C होते, पण 2n च राहते. बाईंच्या विद्यार्थिनीने नेमकी हीच गल्लत केली आहे, त्यामुळे अर्धा गुण दिला तर चुकीलाच गुण दिल्यासारखे होईल.

आम्ही मोजतो ते मध्यावस्थेत, म्हणजे बटण उघडण्याच्या आधी. रक्तातील लिम्फोसाइट पेशी एरवी विभाजित होत नाहीत. त्यांना विभाजनाला प्रवृत्त करणारे द्रव्य घालून त्या सुमारे ७२ तास वाढवतो आणि मग कॉल्चिसिनसारखे रसायन घालतो. त्याने तर्कुतंतू बनत नाहीत, त्यामुळे ओढायला कोणी उरत नाही आणि पेशी मध्यावस्थेत अडकून पडतात. त्यानंतर पोटॅशियम क्लोराइडचे पातळ द्रावण घालतो. पेशीच्या आतले द्रव त्याच्यापेक्षा संहत असल्यामुळे पाणी आत शिरते, पेशी फुगते आणि एकमेकांवर चढलेली गुणसूत्रे सुटी होतात. हे द्रावण कमी वेळ ठेवले तर गुणसूत्रांचा गुंता तसाच राहतो आणि जास्त वेळ ठेवले तर पेशी आधीच फुटून एकीची गुणसूत्रे दुसरीत मिसळतात. नवीन आलेल्या माणसाला वेळेचा आकडा पाठ असतो, पण काचपट्टी बिघडली की वेळ वाढवायचा की कमी करायचा हे त्याला सुचत नाही. ज्याला परासरण कळले आहे तो काचपट्टी पाहूनच सांगतो.

मोजण्याबद्दल एक जुनी हकिगत सांगण्यासारखी आहे. माणसाची गुणसूत्रे ४८ असतात असे पेंटर यांनी १९२३ साली छापले आणि तीन दशकांहून अधिक काळ सगळे ४८च सांगत राहिले. १९५२ साली ह्सू यांना टेक्सासमध्ये पातळ द्रावणाची ही युक्ती योगायोगाने सापडली. गुणसूत्रे पूर्वी कधी नव्हती इतकी मोकळी दिसू लागली, तरीही त्यांनी संख्या ४८च दिली. ४६ हा आकडा १९५६ साली स्वीडनमधील लुंड येथे त्जिओ आणि लेवान यांनी मांडला. आकडा आधीच पाठ असला की डोळ्यांसमोरचे मोजणेही त्याच्याच मागे जाते.

सायलीची_आई

माझा मुलगा आठवीत आहे. त्याच्या शाळेत कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. त्याला पेशींच्या विटांसारख्या रांगा आणि प्रत्येकीत एक ठिपका दिसला, पण १६ गुणसूत्रे काही दिसली नाहीत. मग शाळेचा सूक्ष्मदर्शक कमी ताकदीचा होता का? आम्ही घरी चांगला घ्यावा का?

खडूफळा

सायलीच्या आई, सूक्ष्मदर्शकाचा दोष नाही. पापुद्र्याच्या पेशी वाढ पूर्ण झालेल्या असतात आणि त्या विभाजित होत नाहीत. विभाजन चालू नसताना गुणसूत्रे इतकी लांब आणि बारीक पसरलेली असतात की वेगवेगळी दिसत नाहीत, म्हणून फक्त ठिपका, म्हणजे केंद्रक दिसते. माझ्या पत्रात मुळाचे टोक म्हटले आहे ते याचसाठी.

कांदा पाण्याने भरलेल्या पेल्यावर बूड टेकेल असा ठेवला की काही दिवसांत मुळे फुटतात. ती सकाळी कापून अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात ठेवतात, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करून मऊ करतात, रंग देतात आणि टोकाचा एक-दोन मिलिमीटरचाच तुकडा काचेखाली दाबून पसरवतात. आम्ल लागत असल्यामुळे हे घरी करू नये, शाळेत शिक्षकांसमोर करावे. त्यातही बहुतेक पेशींत ठिपकाच दिसेल, कारण पेशीचा बराचसा काळ विभाजनाच्या तयारीत जातो आणि प्रत्यक्ष विभाजन थोडाच वेळ चालते.

गणित_प्रेमी

पत्रातील शेवटच्या आकड्यात मुद्रणदोष दिसतो. गुणसूत्रे जोडीने असतात, अर्धी आईकडून आणि अर्धी वडिलांकडून, त्यामुळे 2n ही संख्या समच असली पाहिजे. नर भेकराची ७ गुणसूत्रे असतील, तर शुक्रपेशीत साडेतीन जातील का?

लॅबकोट

नियम म्हणून आपले म्हणणे बरोबर आहे, पण ७ हा मुद्रणदोष नाही. बाईंनी तो प्रश्न पुढच्या आठवड्यासाठी ठेवला आहे, तरी त्यांची परवानगी गृहीत धरून सोडवतो. मादीत साध्या गुणसूत्रांच्या दोन जोड्या आणि दोन X अशी सहा गुणसूत्रे असतात. भेकराच्या X गुणसूत्राला एक साधे गुणसूत्र कायमचे जोडले गेलेले आहे. नराकडे असे जोडलेले X एकच असते. त्याच्या समोर एका बाजूला खरे Y येते आणि दुसऱ्या बाजूला त्या साध्या गुणसूत्राचा न जोडलेला जोडीदार येतो. म्हणजे जोडी दोघांची नसून तिघांची आहे आणि चार अधिक तीन असे सात होतात. शुक्रपेशी बनताना X एका बाजूला जाते आणि ते दोघे मिळून दुसऱ्या बाजूला जातात. त्यामुळे काही शुक्रपेशींत ३ गुणसूत्रे असतात आणि काहींत ४. अंडपेशीत नेहमी ३ असतात. तीन अधिक तीन झाले की मादी, तीन अधिक चार झाले की नर.

गणित_प्रेमी

समजले. अर्धे करणे हा भागाकार नसून वाटणी आहे, असे म्हणावे लागेल. तरी ते दोघे दर वेळी एकाच बाजूला कसे जातात, हे मला पटलेले नाही. एखाद्या वेळी एक इकडे आणि एक तिकडे गेले तर काय होते?

लॅबकोट

तसे झाले तर गुणसूत्रांचा हिशेब बिघडतो आणि अशा शुक्रपेशीतून सुदृढ पाडस होणे कठीण असते. विभाजनाच्या वेळी तिघे X च्या दोन टोकांशी जोडले जाऊन ओळीत लागतात आणि त्या रचनेमुळे बहुतेक वेळा वाटणी नीट होते.

अबोली

हा धागा वाचून धीर करून विचारते. माझ्या पुतण्याला डाउन सिंड्रोम आहे. आम्ही सगळीकडे वाचले होते की अशा मुलांत ४७ गुणसूत्रे असतात, पण त्याच्या अहवालात ४६ लिहिले आहे आणि त्याच्या वडिलांच्या अहवालात ४५ आहे. वडील पूर्णपणे निरोगी आहेत. घरातील काही जण म्हणतात की नमुन्यांची अदलाबदल झाली असावी.

लॅबकोट

अबोलीताई, अहवाल न पाहता मी निदान करू शकत नाही, पण ४६ आणि ४५ हे आकडे एकत्र आले की अदलाबदलीपेक्षा एक ओळखीची शक्यता आधी डोळ्यांसमोर येते. काही व्यक्तींत २१ क्रमांकाचे एक गुणसूत्र दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला, बहुधा १४ क्रमांकाच्या, गुणसूत्रबिंदूपाशी जोडले गेलेले असते. बाईंच्या भाषेत सांगायचे तर दोन दोरे एकाच बटणावर आले. आम्ही बटणे मोजतो, म्हणून आकडा ४५ येतो. आवश्यक जनुकीय मजकूर मात्र सगळा शाबूत असतो, त्यामुळे व्यक्ती निरोगी असते.

अशा वडिलांकडून मुलाला जोडलेले गुणसूत्रही मिळाले आणि सुटे २१ही मिळाले, तर आईकडून आलेल्या २१सह त्याच्याकडे २१चा मजकूर तिप्पट होतो. तरी तिसरे २१ दुसऱ्याच्या बटणावर बसलेले असल्यामुळे संख्या ४६च भरते. अहवालात आकड्याच्या पुढे जे लिहिलेले असते त्यात ही जोडणी नोंदवलेली असते. तो कागद घेऊन जनुकीय समुपदेशकांना अवश्य भेटावे, कारण पुढच्या अपत्याच्या आणि वडिलांच्या भावंडांच्या दृष्टीनेही त्याला महत्त्व आहे.

अबोली

आभारी आहे. अहवालात १४ आणि २१ हे दोन्ही आकडे तिरप्या रेषेने खरोखरच लिहिलेले आहेत. आम्ही फक्त पहिला आकडा वाचत होतो. दिराला आजच कळवते.

तात्या_निवृत्त

लॅबकोट, n आणि C चा भेद मान्य केला. तरी पश्चावस्थेबद्दलची माझी शंका उरतेच. तेथे तर बटणे खरोखर दुप्पट झालेली असतात. मग त्या पेशीला 4n म्हणायचे की नाही? मी पाहिलेल्या काही मार्गदर्शकांत 4n लिहिलेले आहे आणि काहींत दोन्ही ध्रुवांपाशी 2n असे लिहिलेले आहे. एका उत्तरसूचीत तर पश्चावस्थेचे उत्तर १६ दिले होते आणि कंसात ‘प्रत्येक ध्रुवाशी’ असे म्हटले होते.

लॅबकोट

बटणे मोजली तर त्या काही मिनिटांपुरते 4n म्हणणे सुसंगत आहे. पण मी स्वतः तसे लिहीत नाही. n हा केंद्रकातील संचांचा आकडा आहे आणि त्या वेळी केंद्रक अस्तित्वातच नसते. दोन संच वेगळे निघालेले असतात, फक्त पेशी दुभंगायची राहिलेली असते. यावर आमच्या प्रयोगशाळेतही दोन मते आहेत.

खडूफळा

म्हणूनच मी प्रश्नात ‘संपूर्ण पेशीत’ असे शब्द घातले होते आणि n विचारला नव्हता, गुणसूत्रे विचारली होती. तात्या म्हणतात तशी उत्तरसूची असेल, तर मुलीचे पश्चावस्थेचे १६ हे उत्तर तिने कोठून घेतले असावे हेही लक्षात येते. तिने कदाचित ध्रुवावरची संख्या लिहिली असेल. उद्या तिला पेपर परत देताना १६ हे तिने काय मोजून लिहिले, ते आधी विचारते आणि त्यानंतरच त्या उपप्रश्नाचा गुण द्यायचा की नाही हे ठरवते. प्रतीनंतरचे ३२ मात्र चूकच राहील. पाठांतराचा परिच्छेद तात्यांच्या सूचनेप्रमाणे वर घेतला आहे आणि नर भेकराचे वाक्य पत्रातून काढून टाकले आहे, कारण वडील ते उत्तर शोधून तिला सांगतील, अशी मला दाट शंका आहे.